उतरणीची जागा

स्नेहसंमेलनाच्या संध्याकाळी माझी जागा विंगेत असते. पडदा आणि खांब यांच्यात चार बोटांची फट राहते, तिथून समोरची माणसं दिसतात. रंगमंचावर काय चाललंय ते मला पाठ असतं, म्हणून मी पाहते ती माणसं. अंधारात चेहरे कळत नाहीत, पण मोबाइल कळतात. मोबाइल डोक्यांच्या वर उभे असले, तर कुणाकुणाची मुलं नाचताहेत. मोबाइल मांडीवर उतरले आणि त्यांचा निळसर उजेड हनुवट्यांवर पडला, की समजावं, लोक आपल्या हातून निसटले. आणि क्वचित असं होतं, की एकही मोबाइल दिसत नाही. वर नाही, मांडीवरही नाही. सगळा काळोख एकसंध होतो. ती दोन-चार मिनिटं मिळावीत म्हणून आम्ही महिनाभर खपतो, असं मला दरवर्षी वाटतं.

नुसता आयटम चांगला बसला म्हणून ती मिळत नाहीत. तीच मुलं, तेच कपडे, तेच संगीत एका संध्याकाळी वाया जातं आणि दुसऱ्या संध्याकाळी माणसांना खुर्चीला खिळवून ठेवतं. हे मी बदलापुरात शिकवायला लागल्यावर पाहिलं आणि तेव्हापासून कार्यक्रमाचा क्रम लावण्याचं काम हौसेनं मागून घेते.

क्रम लागतो स्टाफरूममधल्या लांब टेबलावर. पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या करायच्या, एका आयटमला एक चिठ्ठी. चिठ्ठीवर इयत्ता, गाणं, मुलं किती, मिनिटं किती, कपडे कोणते आणि सामान काय लागणार एवढं लिहायचं. चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या की पहिल्यांदा हाती येतं ते गणित. अठरा आयटम, प्रत्येक साधारण साडेचार मिनिटांचा. मधे दीड मिनिट जातं. आधीची मुलं डावीकडून बाहेर, पुढची उजवीकडून आत, निवेदनाची चार वाक्यं, आणि अंधारात एखाद्याची टोपी पडलेली असते ती उचलणं. म्हणजे एका आयटमला सहा मिनिटं आणि अठरांना एकशे आठ. त्यात दीपप्रज्वलन, अहवाल, पाहुण्यांचं मनोगत, बक्षिसं, आभार मिळून चाळीस मिनिटं धरली की अडीच तास झाले. साडेपाचला पडदा उघडला तर आठला बंद होतो. मैदानावर मांडव असेल, तर रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावाच लागतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत ते स्पष्ट आहे. पण बदलापुरातली डिसेंबरची थंडी त्या नियमाच्या आधीच येते. साडेआठनंतर दव पडू लागतं, आज्या शाल डोक्यावरून घेतात, आणि मग मांडवाला काहीही दाखवलं तरी त्याचं लक्ष घराकडे असतं.

दुसरी गोष्ट कपड्यांची. कोळीगीतात नाचणाऱ्या मुली पुढे लावणीच्या ढंगाच्या नृत्यात असतील, तर दोन चिठ्ठ्यांमध्ये निदान तीन चिठ्ठ्या हव्यात. शिवलेली नऊवारी चढवायला पाच मिनिटं पुरतात. पण आधीचे दागिने काढणं, गजरे माळणं, घामानं ओघळलेलं काजळ सारखं करणं धरलं की पंधरा होतात. ज्या आयटममध्ये कागदी फुलांचा पाऊस असतो त्याच्यानंतर अनवाणी मुलांचा वेगवान नाच ठेवता येत नाही, पाय घसरतात. मामांना झाडू घेऊन जायला वेळ द्यावा लागतो. म्हणून निम्म्या चिठ्ठ्यांची जागा त्यांचे कपडे आणि सामानच ठरवतं. उरलेल्या निम्म्यांमध्ये आपल्याला जे करायचं ते करायचं.

आमच्याकडे तिसरी गोष्ट लोकलची असते. फोर्टातल्या कचेरीतून साडेपाचला सुटलेला माणूस गाडी चांगली मिळाली तरी सव्वासात-साडेसातच्या आधी बदलापूरच्या पुलावर येत नाही. दारातून तो आत शिरतो तेव्हा त्याच्या पाठीवर बॅग असते, कपाळावर कल्याणपर्यंतच्या गर्दीची वळी असते आणि डोळे रंगमंचाकडे असतात: आपली झाली का? शिशुवर्गाची मुलं लवकर नाचवावीत हे सगळ्या शाळांना माहीत आहे. चार वर्षांचं मूल पिसांचे पंख लावून तासाभराच्या वर बसू शकत नाही. ते झोपतं, रडतं, शू म्हणतं, आणि पंख मोडतात. पण अगदी पहिल्याच अर्ध्या तासात सगळी चिमुरडी उरकली, तर बाबांना फक्त व्हिडिओ मिळतो. आणि व्हिडिओ काढून झालेल्या आया पंख पिशवीत भरून मुलाला कडेवर घेऊन निघतात. सातला अर्ध्या खुर्च्या रिकाम्या.

म्हणून मी छोट्यांचे दोन भाग करते. सगळ्यात लहान, शिशुवर्ग, सुरुवातीलाच. बालवर्ग आणि पहिली सव्वासातच्या सुमारास. त्यांना मावशींनी दोन वर्गांत बसवून खाऊ दिलेला असतो आणि कपडे शेवटच्या वीस मिनिटांतच चढवलेले असतात. त्यामुळे बाबांपैकी बऱ्याच जणांना निदान शेवटचं कडवं तरी सापडतं. आणि लहानग्यांच्या नाचाचा जो सैल, मायेचा आनंद असतो, तो कार्यक्रमाच्या उत्तरार्धात, मोठ्यांच्या जोशाला माणसं थकलेली असताना फार उपयोगी पडतो. कुणी चुकीच्या दिशेला वळतं, कुणी आईला हात करतं, सगळं सभागृह हसतं. त्या हसण्यानं खांदे खाली येतात.

गणेशवंदनेविषयी थोडं सांगते. ती पहिलीच असते आणि बहुतेक शाळांत तिच्यावर सगळ्यात जास्त खर्च झालेला असतो: समया, आरास, धूर. पण तेव्हा माणसं अजून बसत असतात. खुर्च्या ओढल्या जातात, ओळखीपाळखी होतात, पाहुण्यांसाठी पुढची रांग राखलेली असते तिथून कुणाला तरी उठवलं जातं. वंदना हा त्या गलबल्यावर घातलेला हात असतो. तिनं लोकांना बसवलं की तिचं काम झालं. खरी सुरुवात दुसऱ्या आयटमची. आणि औपचारिक भाग तिथेच, वंदनेला लागून संपवावा, हे माझं ठाम मत झालं आहे. तीन रंगीत नाच झाल्यावर अहवालवाचन सुरू झालं, की मांडव जो थंड होतो तो पुन्हा तापवायला आणखी तीन नाच जातात. म्हणजे मुलांच्या सहा गटांची मेहनत एका अहवालाच्या अलीकडे-पलीकडे विरघळते. बक्षिसं मात्र मधे चालतात, पण पडद्यापुढे. आत शिवराज्याभिषेकाचं सिंहासन, तोरणं, मावळ्यांच्या रांगा लागत असतात तेवढ्या वेळात बाहेर नावं पुकारायची. बक्षीस घेणाऱ्याला टाळ्या मिळतात, आणि पडद्यामागच्या खुडबुडीमुळे मांडवाची उत्सुकताही वाढते.

आता ज्या मूकनाट्यामुळे मला क्रमाचं वेड लागलं, त्याच्याकडे येते.

विषय होता २६ जुलै २००५चा पूर. त्या दिवशी उल्हास नदीनं बदलापुरात जे केलं ते इथल्या प्रत्येक जुन्या घराच्या बोलण्यात आहे. पाणी कुठवर आलं होतं ते अजूनही हात भिंतीला लावून दाखवतात. आठवीच्या मुलांनी घरी विचारून विचारून ते मूकनाट्य रचलं होतं. दोन निळ्या साड्या एकमेकींना शिवून लांब पट्टा केला होता. दोन्ही टोकांना दोन-दोन मुलं. पट्टा आधी घोट्याशी हलायचा, मग गुडघ्याशी, कमरेशी, छातीशी. बाकीची मुलं काळ्या कपड्यांत, पट्ट्याच्या मागे. आवाज एकच: पत्र्याच्या डब्यात तांदूळ घालून हळूहळू हलवायचे, तो पाऊस. शेवटी पाण्याच्या वर नुसते हात उरायचे आणि त्या हातांवरून एक गाठोडं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायचं. गाठोड्यात काय आहे ते सांगायचं नाही असं मुलांनीच ठरवलं होतं. पाच मिनिटांचा आयटम.

त्या वर्षी कार्यक्रम दोन संध्याकाळी होता, पहिल्या दिवशी सकाळच्या सत्राचे पालक, दुसऱ्या दिवशी दुपारच्या. आयटम तेच. पहिल्या दिवशी शाळेच्या रिवाजाप्रमाणे क्रम इयत्तेचा होता. सातवीचं कोळीगीत, त्याच्यामागे आठवीचं मूकनाट्य, मग नववीचं सिनेगीतांचं नृत्य. कोळीगीत जबरदस्त झालं. पुढे सतरंजीवर बसलेली मुलं उभी राहून नाचत होती, मागून शिट्ट्या होत्या, वन्स मोअर झाला. टाळ्या अजून चालू असतानाच दिवे गेले आणि निळा पट्टा घोट्याशी हलू लागला. मांडवाला वाटलं, हीसुद्धा होडीचीच मजा. कुणीतरी कोळीगीताचं धृपद पुन्हा धरलं. तांदळाचा आवाज कुणाला ऐकूच गेला नाही. पाणी गुडघ्याशी आलं तेव्हा हसू आलं, कमरेशी आलं तेव्हा बोलणं सुरू झालं. मला फटीतून हनुवट्यांवरचा निळा उजेड दिसत होता. आणि रंगमंचावरही एक गोष्ट घडत होती, ती मी नंतर प्रत्येक वेळी पाहायला शिकले: मुलं घाई करू लागली. समोरून प्रतिसाद येत नाही हे त्यांच्या पाठीला कळतं. पाच मिनिटांचं मूकनाट्य साडेतीनात संपलं. आयटम ठरल्यापेक्षा लवकर संपला, तर मुलं विसरली असं शिक्षकांना वाटतं. बहुतेक वेळा जागा चुकलेली असते.

रात्री आम्ही तिघं बसलो, आठवीच्या वर्गशिक्षिका, चित्रकलेचे सर आणि मी. बाईंचं म्हणणं, मूकनाट्य पहिल्या तासात घेऊ, लोक ताजे असतात. पण पहिल्या तासात दारं सारखी उघडत असतात, बाहेरचा उजेड आत येतो, आणि काळोखावर उभं असलेलं नाट्य त्यानं फाटतं. सरांचं म्हणणं, कोळीगीतच हलवू. पण कोळीगीताशिवाय मधला भाग ढिला पडला असता. मग लक्षात आलं, की दोघांच्या मधे एक उतरण हवी. माणसाचं शरीर टाळ्यांच्या वेगावरून एकदम शून्यावर येत नाही. त्याला चालण्याच्या वेगावर आणावं लागतं, आणि तिथून थांबवावं लागतं.

सहावीतला एक मुलगा वासुदेव होता. त्याचा आयटम सुरुवातीला, सकाळच्या प्रसंगात, दोन मिनिटांचा भराव म्हणून टाकलेला होता. आम्ही त्याला उचलून कोळीगीताच्या मागे ठेवलं, चार मिनिटं दिली आणि रंगमंचावरून न आणता मांडवाच्या शेवटच्या रांगेमागून आणलं. दुसऱ्या दिवशी कोळीगीत संपलं, टाळ्या झाल्या, वन्स मोअर आम्ही दिला नाही. निवेदकानं काहीही म्हटलं नाही. मागून चिपळ्या वाजल्या. माणसांनी माना वळवल्या. आवाज कुठून येतो ते शोधायचं असेल तर बोलणं थांबवावं लागतं, ते आपोआप थांबलं. मोरपिसांची टोपी खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं पुढे येत राहिली. त्याचा ठेका चालण्याचा होता, पावलागणिक एक चिपळी. कोळीगीताच्या दुडक्या तालावर हलणाऱ्या मांड्या त्या ठेक्यावर आल्या आणि मग तोही ठेका पायऱ्या चढून विंगेत गेला, विरला. दिवे गेले. तांदळाचा आवाज पहिल्या दाण्यापासून ऐकू आला.

या उतरणीनं आणखी एक काम केलं, ते विंगेतल्या माणसांनाच कळतं. सातवीच्या कोळीगीतात घेतलेल्या आठवीच्या चार मुली मूकनाट्यातही होत्या. आदल्या दिवशी त्या केसांतले गजरे तसेच ठेवून धापा टाकत काळ्या कपड्यांत शिरल्या होत्या. वासुदेवाच्या चार मिनिटांत त्यांनी लुगडी उतरवली (आतून काळे कपडे घातलेलेच होते), पाणी प्यायल्या, श्वास खाली आणला. प्रेक्षकांना जेवढी उतरण लागते, तेवढीच नटांनाही लागते.

त्या दिवशी मूकनाट्य पाच मिनिटांहूनही जास्त चाललं. पाणी छातीशी आलं तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या एक आजी उभ्या राहिल्या होत्या. गाठोडं शेवटच्या हातात गेलं. पुढे काय करायचं, हेही आम्ही रात्री ठरवलं होतं: काही नाही. दिवे लगेच लावायचे नाहीत, निवेदकानं जोरदार टाळ्या मागायच्या नाहीत. मनात दहापर्यंत सावकाश मोजायचं. टाळ्या आल्या त्या उशिरा आल्या, विस्कळीत आल्या आणि बराच वेळ टिकल्या. त्याच्यानंतर नववीचं सिनेगीत एकदम ठेवलं असतं तर तो काळोख आम्हीच पुसला असता. म्हणून मधे लेझीम घेतलं. लेझीम संथ लयीत सुरू होतं. एकच ढोल, पावलं जागच्या जागी, आधी फक्त लोखंडी साखळ्यांची छमछम. मग चाल, मग बैठक, मग दुप्पट. खालून चढत येणारी गोष्ट हवी, म्हणजे माणसं आपल्या पायांनी वर येतात. लेझीम दुपटीत गेलं तेव्हा मांडव पुन्हा उभा होता आणि कुणालाही घाईनं ओढून आणावं लागलं नव्हतं.

नंतर विचार करताना वाटलं, असा क्रम लावणं आपल्याकडे फार जुनं आहे. तमाशात आधी गण, मग गौळण, बतावणी, लावणी, आणि रात्र पिकल्यावर वग. गणानं बसवायचं, गौळणीनं आणि बतावणीनं सैल करायचं, लावणीनं चढवायचं आणि जी माणसं आता उठून जाणार नाहीत त्यांना लांबलचक गोष्ट सांगायची. बतावणीची जागा मला विशेष शहाणपणाची वाटते. टाळ्या वाजवून तापलेला माणूस शांत बसायला वेळ घेतो; हसलेला माणूस मात्र खुर्चीत मागे टेकतो आणि मागे टेकलेला माणूस ऐकू शकतो. म्हणून गंभीर नाटिकेच्या आधी नाच ठेवण्यापेक्षा छोटं प्रहसन ठेवलं, तर नाटिकेला पहिल्या वाक्यापासून कान मिळतात. कीर्तनातही पूर्वरंगाचं निरूपण संपल्यावर बुवा लगेच आख्यानाला हात घालत नाहीत. मधे भजन होतं, बुवांच्या गळ्यात हार पडतो, बुक्का लागतो, माणसं पाय मोकळे करून पुन्हा मांडी घालतात. मग उत्तररंग. तो मधला वेळ मोकळा दिसतो, पण आख्यान त्याच्यावरच उभं राहतं.

अशी उतरण दगडातही दिसते. अंबरनाथचं शिवमंदिर इथल्या शाळेतल्या प्रत्येक मुलानं पाहिलेलं असतं. शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० आहे, शिलाहारांच्या काळातलं काम. वालधुनीच्या काठी ते काळं दगडी मंदिर बाहेरून अंगभर कोरलेलं आहे. पण त्याच्या भिंती सरळ नाहीत, त्या सारख्या पुढे येतात आणि मागे जातात. दुपारी उन्हात उभं राहिलं की पुढे आलेला कोपरा उजेडात आणि त्याच्या शेजारची खाच सावलीत दिसते. ती सावली आहे म्हणून उजेडातली मूर्ती डोळ्यांत भरते. सभामंडपातून आत गेलं की गर्भगृह वर नाही, खाली आहे. पायऱ्या उतरून जावं लागतं. मुलांना सहलीला घेऊन गेले होते तेव्हा एका मुलीनं विचारलं, देव खाली का ठेवला? मी तिला काही उत्तर दिलं नाही. पण त्यानंतर चिठ्ठ्या मांडताना कार्यक्रमाचं गर्भगृह कुठे आहे ते मी आधी शोधते. ते बहुधा सगळ्यात मोठ्या आवाजाच्या आयटममध्ये नसतं. एखादी एकपात्री असते, हातांच्या खुणांनी गायलेलं गाणं असतं, एखादं मूकनाट्य असतं. त्याच्याकडे जाणाऱ्या पायऱ्या किती आणि कुठून, हे ठरलं की बाकीच्या चिठ्ठ्या आपोआप आपापल्या जागी सरकतात. अडीच तासांत असं एकच ठिकाण पुरतं. दोन केली तर माणसं दुसऱ्यांदा उतरायला तयार नसतात.

उतरण आवाजातही लागते. साउंडवाल्याला सुरुवातीलाच सांगून ठेवावं लागतं, की पहिला तास आवाज दोन घरं खाली. प्रत्येक बाईंना आपल्या वर्गाचं गाणं थोडं मोठं हवं असतं, पेन ड्राइव्ह देताना त्या हळूच सांगून जातात, आणि सातपर्यंत वर जायला जागाच उरत नाही. मग शिवराज्याभिषेकाच्या तुताऱ्या आधीच्या सिनेगीताएवढ्याच वाजतात. कान दमलेले असतात, माणसं मात्र म्हणतात, कार्यक्रम लांबला.

उल्हासनगरच्या एका शाळेत मैत्रिणीच्या बोलावण्यावरून गेले होते, तिथे क्रमाचं कोडं आणखी वेगळं होतं. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांना युद्धकाळातल्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि १९४९मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळालं. माणसं अजूनही पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतात. त्या मांडवात सिंधी आज्या होत्या, मराठी आया होत्या, हिंदी बोलणारे बाबा होते, आणि दुकानं असलेले पालक आठनंतर येणार होते. नाच सगळ्यांचे असतात. बोलण्याचा आयटम मात्र मांडवातल्या काही माणसांचाच असतो. मराठी नाटिका सुरू झाली की एका बाजूच्या रांगा ढिल्या पडतात, सिंधी संवाद सुरू झाले की दुसऱ्या. मैत्रिणीनं दोन बोलके आयटम एकमेकांपासून लांब ठेवले होते आणि प्रत्येकाच्या पाठीला असा आयटम दिला होता, की ज्याला भाषा लागत नाही: एकीकडे योगासनांचे मनोरे, दुसरीकडे छेज. छेज हा सिंधी लोकांचा काठ्यांचा गोल नाच. ती तिनं दुकानं बंद होण्याच्या वेळेला, शेवटून चौथ्या जागी धरली होती. पहिल्या काठीला आज्यांचे हात उठले. जिथे माणसं आपलं काही ओळखतात तिथे ती सगळ्यात उंच जातात. ते सुरुवातीलाच देऊन टाकलं तर पुढे त्या उंचीची आठवणच त्रास देते. शेवटालाही ठेवलं नव्हतं, कारण छेजेनंतर त्या आज्यांनी मराठी मुलांचं शिवराज्याभिषेकाचं दृश्यही बसून पाहावं, असं तिला वाटत होतं. त्यांनी पाहिलं.

शेवटाबद्दल मात्र माझं अजून काही ठरलेलं नाही. आमच्याकडे शेवट शिवराज्याभिषेकाचा असतो. पन्नास-साठ मुलं, भगवे झेंडे, ढोल. पडदा पडतो तेव्हा माणसं उभी असतात आणि त्याच उभ्या आवेशात पसायदान सुरू होतं. पसायदान लागताच निम्मी माणसं चपला शोधत असतात. चित्रकलेचे सर म्हणतात, चढलेल्या माणसानं चढलेलंच घरी जावं, मुलं रस्त्यानं घोषणा देत जातात ते त्यांना आवडतं. मैफल भैरवीनं संपते ती का, असा प्रश्न मी त्यांना विचारते. ते म्हणतात, मैफिलीतल्या माणसाला उद्या सकाळी सात-पाचची लोकल पकडायची नसते. आपल्या माणसाला थोडा जोर बरोबर द्यावा. मला त्यांचं म्हणणं खोडता येत नाही.

यंदा नववीच्या मुली येऊन म्हणाल्या, "बाई, आम्हाला वाद्यांशिवाय गायचंय. आजीची जात्यावरची ओवी. दोन मिनिटं. शेवटचा आयटम ठेवाल?" मी त्यांना विचारलं, राज्याभिषेकाच्या ढोलांनंतर तुमचा आवाज पोचेल का. त्या म्हणाल्या, मधे काही ठेवा ना. मधे काय ठेवायचं, ते मी शोधते आहे. ढोल थांबल्यावर मावळ्यांनी रंगमंच सोडू नये, जागीच बसावं आणि मुलींनी त्यांच्यामधून पुढे यावं, असं एक सुचलंय. साठ मुलांना बसायला किती सेकंद लागतात, ते शनिवारच्या तालमीत घड्याळ लावून पाहणार आहे. मुलींच्या चिठ्ठीवर इयत्ता लिहिली आहे, मिनिटं लिहिली आहेत. क्रमांक पेन्सिलीनंही टाकलेला नाही.